प्रकल्प नोंदी : बेंच पॉवर सप्लायचा नॉब, त्यातला रोटरी एन्कोडर आणि कॉन्टॅक्टची थरथर

४ जानेवारी २०२५, शनिवार

घरच्या कामासाठी बांधत असलेल्या बेंच पॉवर सप्लायचा पॉवरचा भाग डिसेंबरमध्ये पूर्ण झाला आणि आज समोरच्या पट्टीवरच्या नॉबचे काम हाती घेतले. नॉबचा एक खटका म्हणजे ०.१ व्होल्ट, इतका साधा हिशोब ठरवला आहे. बुधवार पेठेतून आणलेला एन्कोडर ईसी११ जातीचा असून त्याच्या एका फेरीत २० खटके आहेत. तो छोट्या मॉड्यूलवर बसवलेला आहे आणि दोन्ही वाहिन्यांना प्रत्येकी १० किलोओहमचा पुल-अप मॉड्यूलवरच दिलेला आहे. मायक्रोकंट्रोलर एटीमेगा३२८पी असून तो १६ मेगाहर्ट्झवर चालतो.

एन्कोडरच्या आत दोन यांत्रिक कॉन्टॅक्ट आहेत, त्यांना या नोंदींत ए आणि बी म्हणेन. खटक्यावर नॉब स्थिर असताना दोन्ही कॉन्टॅक्ट उघडे असतात, म्हणजे दोन्ही पिनांवर १ वाचला जातो. नॉब उजवीकडे फिरवला की आधी ए मिटतो, मग बी मिटतो, मग ए उघडतो आणि शेवटी बी उघडतो. डावीकडे फिरवल्यास बी आधी मिटतो. एका खटक्यात असे चार बदल होतात आणि कोण आधी मिटला यावरून दिशा कळते.

सुरुवात नेहमीच्या सोप्या रीतीने केली. ए वाहिनी बाह्य इंटरप्टच्या पिनला जोडली, ए १ वरून ० वर आला की इंटरप्ट येतो आणि त्या क्षणी बी वाचायचा. बी १ असेल तर एक मिळवायचा, ० असेल तर एक वजा करायचा.

नॉब सावकाश एक पूर्ण फेरी उजवीकडे फिरवला. पडद्यावर २.० व्होल्ट यायला हवे होते, ते २.३ आले. दुसऱ्या फेरीत १.८ वाढले. धाकट्या बहिणीच्या हातात नॉब दिला तेव्हा दोन मिनिटांत ती म्हणाली, “दादा, मी पुढे फिरवतेय आणि मध्येच आकडा मागे जातोय.” तिचे निरीक्षण अचूक होते. आकडा नुसता जास्त मोजला जात असता तर कारण शोधणे सोपे गेले असते, पण येथे तो दोन्ही बाजूंना चुकत होता.

५ जानेवारी, रविवार

सकाळी लॉजिक ॲनालायझर लावून दोन्ही वाहिन्या पाहिल्या आणि कालच्या चुकीचे कारण डोळ्यांना दिसले.

ए मिटतो तेव्हा तो एकदाच मिटत नाही. पत्र्याची स्प्रिंग चकतीवरच्या धातूला टेकते, उसळते, पुन्हा टेकते. माझ्या एन्कोडरमध्ये मिटताना साधारण ०.३ ते ०.५ मिलिसेकंद एवढ्या काळात पाच-सहा खोटे बदल दिसले. उघडताना तसेच घडते, फक्त काळ कमी-जास्त होतो. याखेरीज कॉन्टॅक्ट मिटलेला असून धातूवरून घसरत असतानाही मधेच वीस ते ऐंशी मायक्रोसेकंदांचे उंच टोक उमटते, कारण घसरताना स्प्रिंग क्षणभर उचलली जाते. कडेची थरथर आणि घसरण्याचा हा गोंगाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नेमकी तेथे येते जेथे आपण तिची अपेक्षा करत नाही.

आता कालची रीत याच चित्रावर ठेवून पाहिली. उजवीकडे फिरवताना ए मिटतो तेव्हा बी अजून १ असतो. मिटताना पाच वेळा थरथर झाली तर १ वरून ० वर येणारे तीन-चार बदल होतात आणि प्रत्येकाला एक मिळवला जातो, म्हणून २.३. पण ए उघडतो तेव्हा बी ० असतो, आणि उघडतानाच्या थरथरीतही १ वरून ० वर येणारे बदल असतातच. त्या प्रत्येकाला एक वजा होतो, म्हणून १.८. बहिणीला दिसलेला मागे जाणारा आकडा हाच.

दुपारी दुसरा प्रचलित उपाय करून पाहिला. इंटरप्ट ए मिटताना आणि उघडताना दोन्ही वेळा घ्यायचा, मोजणी मात्र मिटतानाच करायची, आणि एक इंटरप्ट आला की पुढचे ५ मिलिसेकंद येणारे सगळे बदल दुर्लक्षित करायचे. सावकाश फिरवताना मोजणी बरोबर आली. जोरात फिरवला तेव्हा २० खटक्यांचे १४ झाले. ॲनालायझरवर पाहिले तर झटक्याने फिरवलेल्या नॉबचा एक संपूर्ण खटका, म्हणजे चारही बदल, सहा मिलिसेकंदांत उरकत होता, आणि खटक्याची स्प्रिंग नॉबला ओढून घेते त्या टप्प्यात लगतच्या दोन खऱ्या बदलांमध्ये ०.७ मिलिसेकंद एवढेच अंतर राहत होते. खऱ्या बदलांतले अंतर जर थरथरीच्या काळाइतकेच खाली येत असेल, तर घड्याळ लावून खरे आणि खोटे वेगळे काढता येणार नाहीत. पाचाऐवजी एक मिलिसेकंद ठेवला की थरथर आत शिरते, पाच ठेवले की खटके गळतात. मधला कोणताही आकडा मला समाधानकारक मिळाला नाही आणि नवा एन्कोडर बसवला की तो पुन्हा शोधावा लागला असता.

मात्र ॲनालायझरच्या त्याच चित्रात एक गोष्ट सतत दिसत राहिली आणि ती लिहून ठेवतो. ए थरथरत असतो तेव्हा बी शांत असतो, आणि बी थरथरत असतो तेव्हा ए शांत असतो. दोघांच्या कडा चकतीवर मुद्दाम पाव आवर्तनाने सरकवलेल्या आहेत, त्यामुळे हे असेच असणार होते. पुढचे सगळे काम या एका गोष्टीवर उभे करायचे आहे.

११ जानेवारी, शनिवार

दोन्ही वाहिन्यांचा प्रत्येक बदल पाहायचा तर दोन इंटरप्ट पिना हव्यात. एटीमेगा३२८पीमध्ये बाह्य इंटरप्टच्या पिना दोनच आहेत आणि त्यातली एक मला विद्युतप्रवाह मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा घेण्यासाठी राखून ठेवायची आहे. म्हणून पिन चेंज इंटरप्टकडे वळलो. तो जवळपास प्रत्येक पिनवर मिळतो. ए वाहिनी PC0 ला आणि बी वाहिनी PC1 ला जोडली. या दोन पिना PCINT8 आणि PCINT9 म्हणून ओळखल्या जातात.

पिन चेंज इंटरप्टचा स्वभाव वेगळा आहे. तो संपूर्ण पोर्टसाठी एकच असतो. कोणती पिन बदलली आणि ती वर गेली की खाली आली, यातले काहीही तो सांगत नाही. ‘काहीतरी बदलले’ इतकाच त्याचा निरोप असतो, बाकी आपण पिना वाचून ठरवायचे. साध्या बटणासाठी ही उणीव वाटेल, पण एन्कोडरसाठी हे बरेच आहे, कारण मला बदल मोजायचेच नाहीत. मला स्थिती हवी आहे. मागची स्थिती कोणती होती आणि आताची कोणती आहे, या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

```c
DDRC  &= ~0x03;
PORTC |=  0x03;
prev = PINC & 0x03;
PCMSK1 |= (1 << PCINT8) | (1 << PCINT9);
PCIFR  =  (1 << PCIF1);
PCICR |=  (1 << PCIE1);
```

PCMSK1 मध्ये फक्त दोनच पिना उघडल्या आहेत. याच पोर्टवरच्या PC4 आणि PC5 या पिनांवरून डीएसीशी आयटूसी संभाषण चालते, आणि मुखवटा लावला नसता तर त्या तारांवरचा प्रत्येक बदल माझ्या इंटरप्टला उठवत राहिला असता. इंटरप्ट सुरू करण्याआधी prev मध्ये पिनांची खरी स्थिती भरून घेणेही आवश्यक आहे. ती भरली नाही तर वीज चालू केल्यावर पहिल्याच हालचालीत एक चुकीची नोंद होते.

१२ जानेवारी, रविवार

आज स्थितींचा तक्ता लिहिला. दोन पिनांच्या चार स्थिती होतात : ००, ०१, १०, ११. डावा अंक बीचा आणि उजवा एचा. उजवीकडे फिरवताना क्रम ११, १०, ००, ०१ आणि पुन्हा ११ असा येतो, डावीकडे फिरवताना तोच उलटा. शेजारच्या दोन स्थितींत दर वेळी एकच अंक बदलतो. ही ग्रे संकेतपद्धती आहे, बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. एका वेळी एकच अंक बदलण्याचा नियम किती मौल्यवान आहे हे मला आज या छोट्याशा नॉबवर नीट कळले.

मागची स्थिती आणि आताची स्थिती शेजारी ठेवली की चार अंकांचा एक क्रमांक तयार होतो, आणि अशा १६ शक्यता असतात. त्यातल्या चार उजवीकडच्या, चार डावीकडच्या, चार ‘काहीच बदलले नाही’ अशा, आणि उरलेल्या चारांमध्ये दोन्ही अंक एकदम बदललेले असतात. एन्कोडर ठीक असेल आणि आपण प्रत्येक बदल पाहत असू, तर हा शेवटचा प्रकार घडूच शकत नाही. त्याला मी तक्त्यात २ हा खुणेचा आकडा दिला आहे.

```c
static const int8_t tbl[16] = {
   0, +1, -1,  2,
  -1,  0,  2, +1,
  +1,  2,  0, -1,
   2, -1, +1,  0 };

ISR(PCINT1_vect) {
  uint8_t now = PINC & 0x03;
  int8_t d = tbl[(prev << 2) | now];
  prev = now;
  if (d == 2) bad++;
  else acc += d;
  if (now == 3) {
    if (acc >= 2) clicks++;
    else if (acc <= -2) clicks--;
    acc = 0;
  }
}
```

या कोडमध्ये थरथर गाळण्यासाठी घड्याळ नाही, थांबणे नाही, तरीही थरथर मोजणीत येत नाही. ते कसे, हे एका खटक्यावर चालवून पाहतो. नॉब ११ वर आहे. उजवीकडे फिरवल्यावर ए मिटतो, स्थिती १० होते, acc मध्ये +१ येतो. ए उसळून उघडतो, स्थिती परत ११ होते. तक्त्याच्या दृष्टीने हा डावीकडचा बदल आहे, म्हणून −१ येतो आणि acc पुन्हा ० होतो. पुन्हा मिटला की +१. थरथर कितीही वेळा झाली तरी शेवटी ए मिटलेला स्थिरावतो आणि acc मध्ये +१ उरतो. घसरताना उठलेले टोकही याच प्रकारे −१ आणि +१ करून स्वतःला फेडते. नॉब खरोखरच किंचित पुढे-मागे हलवला तर जे घडले असते, नेमके तेच थरथरीत घडते, म्हणून तक्त्याला या दोहोंत फरक करण्याची गरजच पडत नाही.

एखादे टोक इतके अरुंद असेल की इंटरप्टच्या कामाला सुरुवात होईपर्यंत ते संपलेही असेल, तर पिना पूर्वीसारख्याच वाचल्या जातात आणि तक्ता ० देतो. त्यामुळे तेही निरुपद्रवी ठरते.

या ठिकाणी एक काळजी मात्र घ्यावी लागते. PINC एकदाच वाचायचा आणि त्या एका वाचनातूनच दोन्ही अंक घ्यायचे. मी आधी सवयीने दोन्ही पिनांसाठी दोन वेळा `digitalRead` लिहिले होते. त्या दोन वाचनांच्या मध्ये काही मायक्रोसेकंद जातात, आणि तेवढ्यात एक वाहिनी थरथरली तर हाती लागलेली जोडी प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नसलेली असू शकते.

खटक्याची मोजणी मी स्थिती ११ वर पोहोचल्यावरच करतो. बदल मोजून चाराने भागण्याची रीत मला पटली नाही. एक बदल जरी चुकला तरी तेथून पुढे प्रत्येक खटका अर्धवट जागी पडतो आणि ती चूक वीज बंद करेपर्यंत राहते. येथे प्रत्येक खटक्याच्या शेवटी acc शून्य होतो, त्यामुळे एका खटक्याची चूक पुढच्या खटक्याच्या गळ्यात पडत नाही. सगळे बदल दिसले असतील तर ११ वर पोहोचताना acc मध्ये ०, +४ किंवा −४ यांपैकीच काहीतरी असणार. मग मर्यादा ४ न ठेवता २ का ठेवली? एखाद्या वेळी दोन बदल एकदम झाले आणि तक्त्याने ते ओळखायला नकार दिला, तरी उरलेले दोन बदल दिशा सांगायला पुरतात आणि तो खटका वाया जात नाही.

मुख्य प्रोग्राममध्ये clicks वाचून शून्य करताना इंटरप्ट क्षणभर रोखावे लागतात. clicks एकाच बाइटचा असला तरी ‘वाचणे’ आणि ‘शून्य करणे’ ही दोन वेगळी पावले आहेत, आणि त्यांच्यामध्ये आलेला खटका कायमचा हरवतो.

```c
ATOMIC_BLOCK(ATOMIC_RESTORESTATE) {
  n = clicks;
  clicks = 0;
}
```

संध्याकाळी १० फेऱ्या सावकाश आणि १० फेऱ्या झटक्याने फिरवल्या. दोन्ही वेळा मोजणी २०० आली आणि bad शून्यच राहिला.

१८ जानेवारी, शनिवार

मोजणी बरोबर येत असली तरी इंटरप्ट किती वेळा उठतो हे पाहायचे होते. इंटरप्टच्या आत प्रवेशाचा एक वेगळा मोजक लावला. एका खटक्याला चार प्रवेश पुरेसे आहेत, प्रत्यक्षात सरासरी तीसच्या आसपास आले. नव्या एन्कोडरसाठी हे चालण्यासारखे आहे. पण माझ्याकडे जुन्या कार स्टिरिओतून काढलेला एक झिजलेला एन्कोडर आहे आणि तो मी मुद्दाम जोडून पाहिला. त्याची थरथर २ मिलिसेकंदांपर्यंत लांबत होती, प्रवेशांची संख्या शंभराच्या वर गेली, आणि झटक्याने फिरवल्यावर bad वाढू लागला. ए अजून शांत झालेला नसताना बी थरथरायला लागतो, आणि ५ तारखेला ज्या गोष्टीवर सगळे उभे केले तीच तेथे ढासळते. तक्त्याची मर्यादा येथे आहे, ती स्पष्ट नोंदवून ठेवली पाहिजे.

म्हणून पिनेवर पोहोचण्याआधी अरुंद टोके बोथट करण्यासाठी रेझिस्टर आणि कपॅसिटर लावले. मॉड्यूलवरचा १० किलोओहमचा पुल-अप आहे तसाच ठेवला, तेथून पिनेपर्यंत १० किलोओहम मालिकेत जोडला आणि पिनेपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दिला. कॉन्टॅक्ट मिटतो तेव्हा कपॅसिटर १० किलोओहममधून रिकामा होतो, म्हणजे कालांक १०० मायक्रोसेकंद. उघडतो तेव्हा तो दोन्ही रेझिस्टरमधून, म्हणजे २० किलोओहममधून भरतो, त्यामुळे कालांक २०० मायक्रोसेकंद. एटीमेगाची पिन पुरवठ्याच्या ०.३ पटीच्या खाली खात्रीने ० आणि ०.६ पटीच्या वर खात्रीने १ मानते, आणि तिच्या आत श्मिट ट्रिगर असल्याने सावकाश चढणारा व्होल्टेजही स्वच्छ वाचला जातो. हिशोब केला तर ० वाचायला सुमारे १२० आणि १ वाचायला सुमारे १८० मायक्रोसेकंदांचा विलंब येतो.

जोडल्यावर सवयीने मल्टिमीटर लावला आणि कॉन्टॅक्ट मिटलेला असताना पिनेवर १.१ व्होल्ट दिसले. ते जवळजवळ शून्य असायला हवे होते. दहा मिनिटे सोल्डर केलेले सांधे तपासत बसलो. दोष सांध्यांत नव्हता. ११ तारखेच्या कोडमध्ये `PORTC |= 0x03` ही ओळ होती, म्हणजे चिपमधला पुल-अप चालू होता. तो आणि माझा मालिकेतला १० किलोओहम मिळून व्होल्टेज विभागत होते. चिपमधल्या पुल-अपची किंमत २० ते ५० किलोओहमच्या दरम्यान कोठेही असू शकते. माझ्या चिपमध्ये ती सुमारे ३५ असावी, म्हणून १.१ व्होल्ट. पण एखाद्या चिपमध्ये ती २० निघाली तर पिनेवर १.६७ व्होल्ट राहतील, आणि ५ व्होल्ट पुरवठ्याला खात्रीच्या ० ची मर्यादा १.५ व्होल्ट आहे. माझ्या टेबलावर हे मंडळ कायम चालले असते आणि दुसऱ्याने बांधलेले कदाचित विनाकारण चुकत राहिले असते. ओळ बदलली :

```c
PORTC &= ~0x03;
```

आता पिनेवर काही मिलिव्होल्ट राहतात. नव्या एन्कोडरला एका खटक्यामागे चार ते सहा प्रवेश येतात, झिजलेल्याला बाराच्या आसपास.

कपॅसिटर मोठा केल्यास आणखी स्वच्छ होईल का, हेही पाहिले. १०० नॅनोफॅरड लावल्यावर विलंब दहापट झाला, म्हणजे मिटताना १.२ आणि उघडताना १.८ मिलिसेकंद. झटक्याने फिरवलेल्या नॉबचे ०.७ मिलिसेकंदांचे खरे बदल त्यात बुडाले आणि २०० पैकी १६० च्या आसपासच खटके मोजले गेले. ५ तारखेला कोडमध्ये जी चूक केली होती तीच मी येथे कपॅसिटरने केली होती. १० नॅनोफॅरडवर परत आलो. कपॅसिटरकडे फक्त अरुंद टोके सोपवायची, उरलेली लांब थरथर तक्त्याने फेडायची, अशी वाटणी मला योग्य वाटते.

२६ जानेवारी, रविवार

नॉबभोवती २४ रंगीत एलईडींचे कडे बसवले. डब्ल्यूएस२८१२ जातीचे हे एलईडी एकाच तारेवरून चालतात आणि निवडलेला व्होल्टेज कड्यावर कमानीसारखा दिसतो. दिसायला फार सुंदर झाले आहे. पण बसवल्याबरोबर झटक्याने फिरवलेले खटके पुन्हा गळू लागले. २०० पैकी १८७, मग १९१.

पहिला संशय कड्याच्या तारेतून नॉबच्या तारांत विजेचा गोंगाट शिरत असल्याचा आला, कारण दोन्ही तारा जवळून जातात. तारा दूर केल्या, फरक पडला नाही. bad पाहिला तर १२ तारखेला याच नव्या एन्कोडरवर शून्य राहिलेला हा मोजक एका चाचणीत ४० वर गेला होता. सावकाश फिरवताना मात्र तो हलत नव्हता. बाहेरून येणारा गोंगाट नॉबचा वेग पाहून येत नाही, तेव्हा कारण वेगाशी निगडित असले पाहिजे.

इंटरप्टमध्ये शिरताना PB0 उंच आणि बाहेर पडताना खाली, अशी खूण घालून ॲनालायझरवर ए, बी, PB0 आणि कड्याची तार अशा चार रेषा एकाखाली एक पाहिल्या. कड्याच्या तारेवर माहिती जात असताना ए बदलतो, बी बदलतो, आणि PB0 सपाट राहतो. माहिती संपताच तो एकदा उठतो. कड्याला माहिती पाठवताना प्रत्येक बिटाची वेळ इतकी काटेकोर पाळावी लागते की लायब्ररी सगळे इंटरप्ट बंद ठेवते. एका एलईडीला २४ बिट, प्रत्येकी १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे ३० मायक्रोसेकंद, आणि २४ एलईडींना ७२०. एवढा वेळ नॉब माझ्या प्रोग्रामला दिसतच नव्हता.

इंटरप्ट बंद असताना पिन बदलली तर चिप एक झेंडा लावून ठेवते आणि इंटरप्ट सुरू होताच काम करते. पण झेंडा एकच असतो, त्या काळात किती बदल झाले हे त्याला माहीत नसते. एक बदल झाला असेल तर तो थोडा उशिरा नोंदला जातो आणि काही बिघडत नाही. दोन झाले असतील तर दोन्ही अंक बदललेले दिसतात आणि bad वाढतो. तीन झाले असतील तर ते उलट दिशेच्या एका बदलासारखे दिसतात आणि bad ला त्याचा पत्ताही लागत नाही. ११ वरून थेट ०१ दिसले तर −१, आणि पुढे ०१ वरून ११ झाले की +१, म्हणजे acc शून्य होऊन तो खटका गळतो. खटका गळणे वाईटच आहे, पण पॉवर सप्लायमध्ये नॉब पुढे फिरवताना व्होल्टेज मागे जाणे त्याहून वाईट, आणि ते या रचनेत होत नाही.

हा दोष कॉन्टॅक्टचा नाही, त्यामुळे कपॅसिटर किंवा तक्ता बदलून तो जाणार नव्हता. उपाय वेळापत्रकात होता. इंटरप्टमध्ये शेवटच्या बदलाची वेळ नोंदवली आणि नॉब ३० मिलिसेकंद शांत राहिल्यावरच कडे रंगवायचे ठरवले. ही वेळ चार बाइटांची असल्याने मुख्य प्रोग्राममध्ये ती वाचतानाही इंटरप्ट क्षणभर रोखावे लागतात. नॉब फिरत असताना आकडे पडद्यावर बदलत राहतात, कडे मात्र हात थांबल्यावर एकदम नव्या जागी येते. ३० मिलिसेकंदांचा हा उशीर डोळ्यांना जाणवत नाही.

टायमरने दर मिलिसेकंदाला पिना वाचण्याचा पर्यायही मी तपासला होता. त्यात थरथरीमुळे इंटरप्टची गर्दी होण्याचा प्रश्नच येत नाही आणि पुष्कळ उपकरणांना तो पुरेसा आहे. पण ०.७ मिलिसेकंदांवर येणारे बदल एक मिलिसेकंदाच्या वाचनात निसटतात. अंतर पाव मिलिसेकंदावर आणले तर नॉब रात्रभर स्थिर असला तरी चिप सेकंदाला ४००० वेळा त्याची विचारपूस करत राहते. पिन चेंज इंटरप्ट नॉब हलल्यावरच उठतो, म्हणून मी तोच ठेवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची चाचणी दोन्ही एन्कोडरवर, कडे जोडलेले असताना घेतली. प्रत्येकी २० फेऱ्या, त्यातल्या निम्म्या झटक्याने, म्हणजे अपेक्षित ४०० खटके. नवा एन्कोडर : खटके ४००, bad शून्य. झिजलेला एन्कोडर : खटके ३९८, bad ११. त्या अकरांपैकी बहुतेक वेळा उरलेल्या दोन बदलांवरून खटका वाचला, दोनदा मात्र एकाच खटक्यात दोन उड्या पडल्या आणि तो गेला.

bad हा मोजक अंतिम प्रोग्राममध्येही ठेवला आहे. नॉब दाबून धरला की तो पडद्यावर दिसतो. नवा एन्कोडर वर्षा-दोन वर्षांत झिजू लागेल तेव्हा खटके गळण्याच्या आधी हा आकडा हलेल, आणि एन्कोडर बदलण्याची वेळ आली हे त्यावरून कळेल. बदलीचा एक एन्कोडर आणून सप्लायच्या पेटीतच चिकटवून ठेवला आहे. त्याचा bad आजच तपासला, तो शून्य आहे.